आपल्याच जुन्या शाळेवर संशोधन करताय? पोझिशनॅलिटी स्टेटमेंट असं लिहा

पीएच.डी.चा आराखडा मंजूर होतो, शाळेची परवानगी येते आणि मग गाईड जाता जाता म्हणतात, "तुम्ही तिथेच शिकवत होतात ना? मग पोझिशनॅलिटीचं एक पान जोडून टाका." संशोधक स्वतः कुठे उभा राहून पाहतो आहे, हे सांगणारं ते पान. त्यात काय लिहायचं, ते मात्र कोणी सांगत नाही. जुने प्रबंध चाळले की बहुतेक ठिकाणी तोच मजकूर सापडतो: मी शहरी, मध्यमवर्गीय, मराठी माध्यमात शिकलेली स्त्री आहे, मी काही वर्षं अध्यापन केलं आहे, आणि माझ्या पूर्वग्रहांचा संशोधनावर परिणाम होणार नाही याची मी दक्षता घेतली आहे. यातून परीक्षकाला काहीच कळत नाही. शिवाय दक्षता म्हणजे नेमकं काय केलंत, असं त्यांनी विचारलं की उत्तर देताना पंचाईत होते.

मी स्वतः शाळेत शिकवून मग संशोधनाकडे वळले, त्यामुळे हा गोंधळ मला चांगलाच ठाऊक आहे. माझ्या मते हे निवेदन लिहिताना एकच प्रश्न समोर ठेवावा: माझ्या जागी शाळेशी काही संबंध नसलेली व्यक्ती असती, तर ही माहिती कुठे वेगळी मिळाली असती आणि तिचा अर्थ कुठे वेगळा लावला गेला असता? या प्रश्नाच्या उत्तरात ज्याचा उपयोग नाही, तो मजकूर तुमच्या आत्मचरित्रासाठी राखून ठेवा.

लेखभर एकच उदाहरण वापरते. उदाहरण कल्पित आहे, कारण खरं दिलं तर पाचव्या पायरीत जे करू नका म्हणणार आहे तेच मी केल्यासारखं होईल. एक संशोधिका आहे. पुण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत ती शिकली, पुढे तिथेच सात वर्षं गणित शिकवलं, मग नोकरी सोडून पीएच.डी.ला आली. तिचा विषय: सेमी-इंग्रजीच्या वर्गात गणिताचे शिक्षक मराठी आणि इंग्रजी कशी वापरतात. पद्धत म्हणजे वर्गनिरीक्षण आणि नऊ शिक्षकांच्या मुलाखती.

लिहायला बसण्याआधी हाताशी काय हवं

- शाळेचं परवानगीपत्र आणि संमतीपत्राचा कोरा नमुना
- सहभागी शिक्षकांची यादी, प्रत्येकापुढे टोपणनाव किंवा क्रमांक
- निरीक्षणाच्या नोंदी आणि त्यापासून वेगळी ठेवलेली स्वतःच्या प्रतिक्रियांची वही
- निदान दोन-तीन मुलाखतींचं शब्दशः लिप्यंतर, मूळ मराठीत
- शाळेत तुम्ही कधी, कोणत्या नात्याने होतात याचा छोटा कालपट

शेवटचा कागद फालतू वाटतो, पण तो करा. आपण शाळा सोडली तेव्हा सेमी-इंग्रजीच्या किती तुकड्या होत्या आणि आता किती आहेत, हे मांडलं की आपल्या डोक्यातली शाळा आणि समोरची शाळा एक नाही, हे तिथल्या तिथे दिसतं.

## १. ओळखींची नव्हे, नात्यांची यादी करा

'मी माजी शिक्षिका' हे एक नातं नाही, त्यात बरीच नाती आहेत. उदाहरणातल्या नऊ शिक्षकांत तिघी तिच्या जुन्या सहकारी आहेत. एक सर तिला नववीत गणित शिकवायचे आणि आता निवृत्तीला आले आहेत. दोघे शिक्षणसेवक ती गेल्यावर रुजू झाले, त्यांना ती 'विद्यापीठातल्या मॅडम' म्हणूनच माहीत आहे. उरलेल्या तिघांशी तोंडओळख. आणि परवानगी देणाऱ्या मुख्याध्यापिका तिच्या वेळी पर्यवेक्षिका होत्या, म्हणजे तिच्या टाचणांवर सही करणाऱ्या.

प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा. यांना माझ्याबद्दल काय माहीत आहे? मला यांच्याबद्दल मुलाखतीआधीच काय माहीत आहे? माझ्याशी बोलून यांचा काय फायदा किंवा तोटा होऊ शकतो? शिक्षणसेवकाच्या रकान्यात तिसरं उत्तर महत्त्वाचं ठरतं. त्याची तीन वर्षं पुरी व्हायची आहेत आणि समोरची बाई मुख्याध्यापिकांशी हसून बोलते, हे त्याने स्टाफरूममध्ये पाहिलं आहे. तो वर्गात किती मराठी वापरतो, हे तिला खरं सांगेल का?

जेम्स बँक्स या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने 1998 मध्ये संशोधकांचे चार प्रकार मांडले होते. त्यातला एक इथे फार उपयोगी आहे: मूळचा त्याच समूहातला, पण बाहेर जाऊन इतका बदललेला की समूहाला आता तो बाहेरचा वाटतो. शाळा सोडून विद्यापीठात गेलेल्या बऱ्याच जणांचं असंच होतं. तुम्ही स्वतःला आतले समजत असता आणि स्टाफरूममध्ये तुम्ही आल्यावर विषय बदलतो. म्हणून 'मी आतली आहे' असं एकच सरसकट वाक्य लिहू नका. एकाच शाळेत तुम्ही एकीसाठी आतल्या आणि दुसऱ्यासाठी बाहेरच्या असता.

माजी विद्यार्थी असाल तर यादीत आणखी एक प्रश्न घाला: तुम्ही कोणत्या तुकडीत होतात? आपल्याकडे कित्येक शाळांत गुणांवरून तुकड्या पडायच्या. 'अ' तुकडीतल्या मुलीने पाहिलेली शाळा आणि 'ई' तुकडीतल्या मुलाने पाहिलेली शाळा यांत इमारत सोडली तर फारसं काही सामाईक नसतं. 'माझ्या शाळेत शिक्षक मुलांना नावानिशी ओळखायचे' हे वाक्य कोणत्या बाकावरून लिहिलंय, ते सांगायला हवं.

जातीचं काय करायचं, हा प्रश्न सगळे टाळतात, नाहीतर एका शब्दात लेबल लावून मोकळे होतात. तीच कसोटी इथेही लावा. स्टाफरूममधल्या बहुतेकांची घरची भाषा तुमच्यासारखी असेल आणि वर्गातल्या मुलांची नसेल, तर 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' बोलण्याबद्दल शिक्षक तुमच्यासमोर जे मोकळेपणी बोलले, ते दुसऱ्या कोणासमोर बोलले असते का? भाषेवरच्या अभ्यासात हा मुद्दा वगळून चालणार नाही.

## २. कुठे हात शिवशिवले, ते टिपून ठेवा

ॲलन पेश्किन या अमेरिकी शिक्षण-संशोधकाने 1988 च्या एका लेखात स्वतःचा अनुभव दिला आहे. एका बहुवांशिक वस्तीतल्या हायस्कूलचा अभ्यास करताना जिथे जिथे मनात काही उसळलं, कौतुक, चीड, तिथून निघून जावंसं वाटणं, तिथे तिथे ते लगेच नोंद करत गेले. त्या नोंदींतून त्यांना स्वतःतले सहा निरनिराळे 'मी' सापडले. त्यातला एक होता वाईट शिकवणं पाहून अस्वस्थ होणारा, सुधारणा करायला निघालेला 'मी'. माजी शिक्षकांनी हा एक तरी आपल्यात शोधावाच.

आपल्या संशोधिकेच्या वहीतली एक नोंद अशी:

"आठवी, बैजिक राशींचे अवयव. सर फळ्यावर: 'टेक कॉमन. काय कॉमन आहे? टू एक्स. टू एक्स बाहेर.' मुलं उतरवून घेतायत. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने शेजारणीला विचारलं, 'बाहेर म्हणजे?' सरांना ऐकू गेलं नाही. मला उठून सांगावंसं वाटलं. पुढची पाच मिनिटं मी फक्त त्या मुलीकडे बघत होते."

शेवटचं वाक्य सोन्याच्या मोलाचं आहे. त्या पाच मिनिटांत सरांनी काय केलं, हे तिच्या निरीक्षणात नाही. विश्लेषणात ती 'शिक्षकाचं मुलांकडे लक्ष नाही' असं कोडिंग करायला गेली, तर तिला थांबावं लागेल, कारण लक्ष तिचंही सरांकडे नव्हतं. आता निवेदनात तिला ठोस काही लिहिता येतं: ज्या वर्गांत माझ्यातली शिक्षिका जागी झाली, त्या नोंदींवर मी खूण केली आणि त्या निरीक्षणांवर आधारलेले निष्कर्ष दुसऱ्या दिवसाच्या निरीक्षणाशी ताडून पाहिले.

ही वही निरीक्षणाच्या नोंदवहीत मिसळू नका. आणि ती रोजच्या रोज लिहा. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या प्रतिक्रिया नेहमी फार शहाण्या असतात.

## ३. लिप्यंतरात 'तुला माहीतच आहे' शोधा

निवेदनातला सगळ्यात पक्का पुरावा तुमच्याच मुलाखतींत पडलेला असतो. लिप्यंतराची फाईल उघडा आणि हे शब्द शोधा: 'माहीतच आहे', 'नेहमीचं', 'आपलं ते', 'तुला काय सांगायचं', 'तेच आपलं'. जुन्या सहकाऱ्यांच्या मुलाखतीत ते खच्चून भरलेले असतात. असा एक तुकडा पाहा:

शिक्षिका ३: मग सहामाही जवळ आली की आपलं नेहमीचं सुरू होतं.
संशोधिका: हो ना.
शिक्षिका ३: मग कसलं इंग्रजी आणि कसलं काय.

'नेहमीचं' म्हणजे काय? संशोधिकेला वाटतं, उत्तरं पाठ करून घेणं. तिच्या वेळी तेच चालायचं. पण शिक्षिकेला कदाचित मराठीतून पुन्हा शिकवणं म्हणायचं असेल, किंवा सराव प्रश्नपत्रिकांचा रतीब. 'हो ना' म्हटल्यामुळे ते कायमचं हरवलं. विश्लेषणात इथे जो अर्थ येईल तो शिक्षिकेचा नसेल, संशोधिकेच्या स्वतःच्या सात वर्षांचा असेल. बाहेरच्या माणसाने इथे साळसूदपणे विचारलं असतं, "नेहमीचं म्हणजे?"

उपाय मुलाखतीच्या आधी करायचा. सुरुवातीलाच सांगा: "मी सोडून गेल्यावर इथे बरंच बदललं असेल, तेव्हा मला काही माहीत नाही असं समजून सांगा." पहिल्या दोन मुलाखतींचं लिप्यंतर केल्याशिवाय तिसरी घेऊ नका, म्हणजे आपण कुठे माना डोलावतोय ते वेळेत कळतं. झालेल्या मुलाखतीत असे तुकडे सापडले तर त्या शिक्षिकेकडे परत जाऊन विचारा. परत विचारणं शक्य नसेल तर तो तुकडा निष्कर्षाचा आधार म्हणून वापरू नका, आणि वापरला नाही हे निवेदनात लिहा.

रेकॉर्डर सुरू झाल्यावर भाषा कशी बदलते, तेही पाहा. आतापर्यंत "अगं, बस ना" म्हणणारी मैत्रीण लाल दिवा लागताच "मॅडम, आमच्या शाळेत द्विभाषिक पद्धतीने अध्यापन केलं जातं" असं बोलू लागते. आणि बंद केल्यावर दाराशी उभं राहून खरं काय ते सांगते. दाराशी सांगितलेलं वापरायचं असेल तर वेगळी परवानगी लागते. मैत्रीण म्हणून सांगितलेलं संशोधिकेने उचलणं बरोबर नाही. प्रबंध इंग्रजीत लिहिणार असाल तर 'अगं', 'तू', 'तुम्ही', 'मॅडम' हे सगळं अनुवादात सपाट होतं. म्हणून विश्लेषण मूळ मराठीवरच करा आणि संबोधन कुठे बदललं, ते लिप्यंतरात कंसात नोंदवा.

## ४. 'नाही' म्हणायची वाट मोकळी ठेवा

नववीत शिकवलेले सर जुन्या विद्यार्थिनीला मुलाखत नाकारणार नाहीत. तुमचे माजी विद्यार्थी तर तुम्हाला नाकारूच शकत नाहीत. मुख्याध्यापिकांनी "या नऊ जणांशी बोल, मी सांगून ठेवते" म्हटलं, तर त्या यादीला आज्ञेचं वजन येतं. सह्या सगळे करतात, म्हणून संमती झाली असं होत नाही.

निमंत्रण शक्यतो तिसऱ्या व्यक्तीकडून जाऊ द्या आणि होकार थेट तुमच्याकडे येऊ द्या, म्हणजे कोण नाही म्हणालं ते मुख्याध्यापिकांना कळणार नाही. अमुक तारखेपर्यंत मुलाखत मागे घेता येईल, असं संमतीपत्रात तारीख घालून लिहा. यातलं काय जमलं आणि काय नाही, हे निवेदनात दोन वाक्यांत येऊ द्या. यादी मुख्याध्यापिकांनीच दिली असेल, तर ती त्यांनी दिली असं लिहा.

## ५. स्वतःबद्दल लिहिताना शाळा उघडी पडते

सगळ्यात मोठा सापळा हा, आणि त्याच्याकडे फार उशिरा लक्ष जातं. तुम्ही शाळेला 'शाळा क' म्हणता, शिक्षकांना क्रमांक देता. मग पोझिशनॅलिटीच्या पानावर प्रामाणिकपणे लिहिता: "मी या शाळेची 1998 च्या दहावीच्या तुकडीची विद्यार्थिनी असून नंतर सात वर्षं इथे गणित शिकवलं." प्रबंधावर तुमचं नाव आहे. तुमचा जुना बायोडाटा इंटरनेटवर आहे. प्रबंध शोधगंगेवर चढला की कोणीही तो उघडू शकतो. पुण्यात तर तेवढंही लागत नाही, पेठेतल्या एका घरात विचारलं तरी शाळा कळते. शाळा कळली की 'निवृत्तीला आलेले गणिताचे सर' कोण, हे अख्खी शाळा सांगेल.

आणखी दोन ठिकाणी शाळा फुटते. परिशिष्टात जोडलेलं परवानगीपत्र शाळेच्या लेटरहेडवर असतं, खाली गोल शिक्का. आणि ऋणनिर्देशात मुख्याध्यापिकांचे नावानिशी आभार असतात. ही दोन्ही पानं तपासा. परवानगीपत्राची मूळ प्रत विभागात दाखल करून प्रबंधात नाव झाकलेली प्रत लावता येईल का, हे गाईड आणि विभागाला आधीच विचारून घ्या.

मग नातं लपवायचं का? 'मी अशाच एका शाळेत शिकवलं आहे' असं गोलमाल लिहिणारे भेटतात. मला ते पटत नाही. त्याच शाळेत शिकवलं, हीच तर वाचकाला लागणारी माहिती आहे. ती दडवली तर निवेदनात राहिलं काय? माझ्या मते शाळा ओळखू येईल असं गृहीत धरावं आणि माणसं जपावीत. म्हणजे तीन गोष्टी. संमतीपत्रात स्पष्ट लिहावं: 'संशोधिका या शाळेची माजी शिक्षिका असल्याने शाळा ओळखली जाण्याची शक्यता आहे.' वर्षं, विषय आणि हुद्दे धूसर करावेत, 'सात वर्षं' ऐवजी 'काही वर्षं', 'निवृत्तीला आलेले सर' ऐवजी 'एक अनुभवी शिक्षक'. आणि सहकाऱ्याने वाचलं तर बोलणाऱ्याला त्रास होईल असं प्रत्येक उद्धरण छापण्याआधी त्या व्यक्तीला दाखवावं. काही चांगली उद्धरणं त्यात जातात. जाऊ द्यावीत.

संमतीपत्रं सह्या होऊन आली असतील आणि त्यात ही ओळ नसेल, तर नवा कागद करून पुन्हा सह्या घ्या.

## ६. आता लिहा

प्रत्येक मुद्द्याला चार भाग असू द्या: नातं काय, त्याने माहितीत काय बदललं, मी काय केलं, आणि तरीही काय उरलं. चौथा भाग बहुतेक जण गाळतात. परीक्षक नेमका तोच शोधत असतात.

नेहमी दिसणारं असं असतं: "संशोधिका सदर शाळेची माजी शिक्षिका असल्याने तिला शाळेची सखोल जाण आहे. तथापि संशोधनात पूर्ण वस्तुनिष्ठता राखण्यात आली आहे."

त्याऐवजी:

"मी या शाळेत विद्यार्थिनी आणि नंतर गणिताची शिक्षिका होते. नऊपैकी तीन शिक्षिका माझ्या सहकारी होत्या. त्यांच्या पहिल्या मुलाखतींत अनेक गोष्टी मला माहीत आहेत असं धरून अर्ध्यावर सोडल्या गेल्या. अशा जागांवर मी दुसऱ्या भेटीत पुन्हा प्रश्न विचारले आणि जिथे खुलासा मिळाला नाही तो भाग विश्लेषणातून वगळला. नव्याने रुजू झालेल्या दोन शिक्षकांनी मराठीच्या वापराबद्दल माझ्याशी सावधपणे बोलणं पसंत केलं असावं. मुलाखतीत त्यांनी सांगितलं त्यापेक्षा वर्गात त्यांनी मराठीचा वापर जास्त केलेला दिसला. याबाबतीत मी वर्गनिरीक्षणाला अधिक महत्त्व दिलं आहे. मी स्वतः 'अ' तुकडीत शिकले. सेमी-इंग्रजीत अडणाऱ्या मुलांचा अनुभव मला शिक्षिकेच्या बाजूने माहीत आहे, विद्यार्थ्याच्या नाही, आणि ही मर्यादा या अभ्यासात कायम आहे."

मुद्दे थोडेच आहेत, पण प्रत्येकाचा धागा माहितीपर्यंत जातो. निवेदनाची जागा संशोधनपद्धतीच्या प्रकरणात, सहभागींच्या वर्णनानंतर. प्रबंधात दीड-दोन पानं पुरतात, शोधनिबंधात एक परिच्छेद. पण सगळं तिथेच संपवू नका. निष्कर्षाच्या प्रकरणात ज्या उद्धरणाला तुमचं नातं भिडतं, तिथे एक वाक्य घाला: 'ही शिक्षिका माझी माजी सहकारी आहे.' मात्र पाचव्या पायरीची कात्री या वाक्यालाही लावा.

'संशोधिकेने' की 'मी'? या पानावर तरी 'मी' लिहा. गाईडना तृतीयपुरुषच हवा असेल तर वाद घालत बसू नका, मजकूर नीट असला तर तो तृतीयपुरुषातही टिकतो.

## ७. दोघांना वाचायला द्या आणि पुन्हा लिहा

एक वाचक शाळेशी काहीही संबंध नसलेला असावा. त्याला विचारा, हे वाचून कोणत्या निष्कर्षावर तुझा विश्वास वाढला आणि कोणत्यावर कमी झाला? एकही निष्कर्ष सांगता आला नाही तर निवेदन अजून चरित्रच आहे. दुसरा वाचक शिक्षणक्षेत्रातला, पुण्यातल्या शाळा ओळखणारा, पण सहभागी नसलेला. त्याला फक्त इतकंच विचारा: शाळा ओळखलीस का, आणि माणसं ओळखलीस का? माणसं ओळखली तर पाचव्या पायरीवर परत.

पहिला मसुदा क्षेत्रकार्याआधी लिहा, तारीख टाका आणि तसाच ठेवा. विश्लेषण झाल्यावर दुसरा लिहा. दोन्ही शेजारी ठेवले की पहिल्यात न सुचलेलं काय दुसऱ्यात आलं, ते दिसतं. तेवढाच फरक निवेदनात एका वाक्यात आणता येतो. व्हायव्हाला "तुमच्या जुन्या शाळेबद्दल तुम्ही तटस्थ कशा राहिलात?" असा प्रश्न हमखास येतो. तेव्हा 'राहिले नाही' असं सांगून या दोन मसुद्यांतला फरक आणि त्यामुळे बदललेला एक निष्कर्ष समोर ठेवा.